दुसरी स्लाइड: अंगठा आडवा वळला, आता पुढे?

संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये शेजारणीच्या मोबाइलमध्ये डोकावणं हा असभ्यपणा आहे आणि मी तो नियमित करते. माझं कामच तसं आहे. छोट्या व्यावसायिकांच्या मराठी पानांसाठी मी इन्स्टाग्रामच्या कॅरोसेल पोस्ट लिहिते, आणि माणसं अशा पोस्ट नेमक्या कशा वाचतात हे लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धं टेकून बसल्यावर जितकं कळतं, तितकं दुसरीकडे कुठे कळत नाही.

परवा शेजारच्या बाईंचा अंगठा सरासर वर चालला होता. रील, साडी, कुणाचं तरी बारसं, रील. मग एका पोस्टवर तो थांबला. पिवळ्या पार्श्वभूमीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सिलिंडर महिन्याआधीच संपतोय?’ बाईंनी वाचलं आणि अंगठा डावीकडे सरकवला. दुसऱ्या स्लाइडवर मजकूर होता: ‘नमस्कार! आजच्या पोस्टमध्ये आपण गॅस बचतीच्या काही महत्त्वाच्या टिप्स पाहणार आहोत. पोस्ट आवडल्यास लाइक करा, शेअर करा आणि शेवटपर्यंत नक्की वाचा.’ अंगठा क्षणभर घुटमळला आणि पुन्हा वर निघून गेला. मागे आणखी सहा स्लाइड होत्या. त्या करताना कुणाची तरी अख्खी संध्याकाळ गेली असणार.

कव्हरनं आपलं काम चोख केलं होतं. माणूस थांबला होता, वळलाही होता. पोस्ट मेली ती दुसऱ्या स्लाइडवर.

ज्यांना कॅरोसेल हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकाच पोस्टमध्ये अनेक चित्रं किंवा मजकुराची पानं एकापाठोपाठ लावायची आणि वाचणाऱ्यानं ती आडवी सरकवत बघायची, म्हणजे कॅरोसेल. इन्स्टाग्रामनं ही सोय 2017 साली दिली तेव्हा दहा पानांची मर्यादा होती, 2024 मध्ये ती वीस झाली. पहिलं पान म्हणजे कव्हर. त्याला ‘हुक’ म्हणायची पद्धत आहे आणि ते कसं लिहावं यावर ढिगानं सल्ले मिळतात. दुसऱ्या पानाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. बहुतेक जण तिथे जे सुचेल ते लिहून टाकतात आणि ‘खरा मजकूर’ तिसऱ्या पानापासून सुरू करतात.

आता अंगठ्याकडे नीट बघू. फीड बघताना अंगठ्याची सवय उभी असते. खालून वर, खालून वर. ती हालचाल करायला ठरवावं लागत नाही, मन दुसरीकडे असलं तरी हात चालू राहतो. आडवं सरकवायला मात्र दिशा बदलावी लागते, म्हणजे कणभर का होईना, ठरवावं लागतं. कव्हर वाचून माणूस आडवा वळतो तेव्हा त्यानं एक छोटा खर्च केलेला असतो, आणि दुसऱ्या स्लाइडवर तो त्याचा हिशेब मागतो. हिशेब मिळाला तर पुढचं सरकवणं सोपं होतं, कारण अंगठा आता आडव्या लयीत आलेला असतो. नाही मिळाला तर परतीची उभी वाट अर्ध्या सेकंदाची आहे. म्हणून पाचव्या पानावरून सहाव्यावर जाणाऱ्याची मला फारशी काळजी वाटत नाही. माणूस सुटतो तो दुसऱ्यावर.

तिथे त्याच्या मनात काय असतं? कव्हर वाचताना प्रश्न होता, ‘हे काय आहे?’ दुसऱ्यावर येईपर्यंत तो बदललेला असतो. आता तो विचारत असतो, ‘खरंच काही आहे, की नुसतीच हाक मारली?’ ‘आजच्या पोस्टमध्ये आपण पाहणार आहोत’ या वाक्यात ह्याचं उत्तरच नाही. दारात उभ्या पाहुण्याला ‘आता मी तुम्हाला आत घेणार आहे’ असं सांगून दारातच ठेवण्यासारखं ते आहे.

कीर्तनकार हे फार आधीपासून जाणतात. बुवा अभंगाचा चरण म्हणतात आणि निरूपणाला लागले की थोड्याच वेळात म्हणतात, ‘आता इथे कुणी म्हणेल, की महाराज, असं कसं?’ ही शंका ऐकणाऱ्याच्या मनात अर्धवट उगवलेलीच असते. बुवा ती पूर्ण करतात आणि मग समाधानाकडे वळतात. दुसऱ्या स्लाइडची जागा नेमकी ही आहे. कव्हरचा चरण म्हणून झाला. आता तो पुन्हा घोळवायचा नाही आणि सगळं समाधानही एकदम वाटून टाकायचं नाही. त्या चरणातला एक शब्द धरून ऐकणाऱ्याला एक पाऊल आत घ्यायचं.

हे झालं वाचणाऱ्याच्या बाजूनं. पण दुसऱ्या स्लाइडला आणखी एक, काहीसं विचित्र काम करावं लागतं, आणि ते इन्स्टाग्राममुळे.

तुमची पोस्ट एखाद्याच्या फीडमध्ये आली, त्यानं कव्हर पाहिलं आणि न सरकवता तो पुढे गेला. अशा माणसाला इन्स्टाग्राम बरेचदा तीच पोस्ट पुन्हा दाखवतं, पण या वेळी कव्हरऐवजी दुसऱ्या स्लाइडपासून. ही माझी अटकळ नाही. कॅरोसेलला अशी दुसरी संधी मिळते हे इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे. तुमच्या फीडमध्येही हे घडलं असेल: एखादी पोस्ट मधूनच सुरू झाल्यासारखी दिसते, खालच्या ठिपक्यांपैकी दुसरा ठिपका ठळक असतो, आणि मजकूर ‘म्हणूनच हे लक्षात घ्या’ असा कशाचा कशाला पत्ता नसलेला.

म्हणजे दुसऱ्या स्लाइडसमोर दोन माणसं उभी असतात. एकानं कव्हर आत्ता वाचलंय आणि त्याला पुढचं हवंय. दुसऱ्यानं ते सकाळी ओझरतं पाहून सोडलंय, आता त्याच्या डोक्यात त्यातलं काहीच नाही, आणि त्याच्यासाठी दुसरी स्लाइड हेच कव्हर आहे. पहिल्याला पुनरुक्ती नको. दुसऱ्याला संदर्भाशिवाय कळायला हवं. एकाच मजकुरात दोघांचं भागवायचं, ही या पानाची खरी कसोटी.

हे प्रत्यक्ष कसं जमवायचं ते एका पोस्टवरूनच सांगते. डोंबिवलीत घरगुती मसाले करून विकणाऱ्या एक काकू आहेत, त्यांचं पान मी लिहिते. त्यांना डाळीवर पोस्ट हवी होती, कारण त्यांचा आमटी मसाला घेणाऱ्या बायका सारखं विचारत, ‘काकू, कितीही शिट्ट्या केल्या तरी डाळ शिजतच नाही, काय करू?’ कव्हर दोन मिनिटांत ठरलं:

‘चार शिट्ट्या झाल्या, तरी डाळ कच्चीच?’

आत सांगायचा ऐवज असा होता. तूरडाळ मऊ होते म्हणजे तिच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन उष्णतेनं आणि पाण्यानं विरघळतं. त्यात खोडा घालणाऱ्या गोष्टी मुख्यतः चार. डाळ जुनी असणं, विशेषतः दमट-उष्ण हवेत बरेच महिने पडून राहिलेली. पाणी जड असणं, कारण बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला आणखी घट्ट करतं. डाळीबरोबर आंबट काही घालणं, कारण आम्लात पेक्टिन लवकर विरघळत नाही. आणि डाळ न भिजवता लावणं. माहिती चांगली होती, खरी होती, रोजच्या उपयोगाची होती. सहा पानं सहज झाली असती. अडलं दुसऱ्यावरच.

पहिला मसुदा काकूंच्या भाचीनं करून ठेवला होता: ‘तूरडाळ हा आपल्या रोजच्या आहारातील महत्त्वाचा घटक आहे. डाळीमध्ये भरपूर प्रथिने असतात. परंतु अनेकदा डाळ नीट शिजत नाही.’ शाळेतल्या निबंधाची ही सुरुवात आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी मुरलेली आहे, त्यामुळे ती पोरीकडून आली यात नवल नाही. पण जिची डाळ आत्ता कुकरमध्ये कच्ची आहे, तिला डाळीत प्रथिनं असतात हे सांगून उपयोग काय? तिसरं वाक्य तर कव्हरच, फक्त सपक केलेलं.

दुसरा मसुदा माझा, आणि तोही फसलेला: ‘शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात, गॅस जातो, वेळ जातो, आणि झाकण काढल्यावर डाळ तशीच. तुमच्याही घरी असंच होतं ना?’ वाचायला बरं वाटतं, म्हणून ही चूक लवकर ध्यानात येत नाही. पण यात नवीन काय मिळालं? शून्य. जिनं कव्हर वाचून आडवं सरकवलं, तिनं ‘हो, माझ्या घरीही होतं’ हे सरकवतानाच सांगून टाकलंय. तिला तेच पुन्हा विचारणं म्हणजे दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला काही घ्यायचंय का हो?’ असं तीनदा विचारणं.

तिसरा मसुदा काकूंचा. त्यांनी चारही कारणं एकाखाली एक लिहिली. जुनी डाळ, जड पाणी, आंबट आधी, न भिजवणं. मी म्हटलं, ‘काकू, मग पुढची पानं कशाला?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, विचारलंय त्याचं उत्तर देऊन टाकायचं. लोकांना कशाला ताटकळत ठेवायचं?’ त्यांचं म्हणणं मला अजूनही अर्धं पटतं, त्याकडे नंतर येते. पण इथे अडचण अशी की चार शब्दांची यादी वाचून बाईला ‘कळलं’ असं वाटतं, आणि खरं तर काहीच कळलेलं नसतं. जड पाणी असेल तर करायचं काय? जुनी डाळ ओळखायची कशी? हे प्रश्न पडण्याआधीच यादी तिची उत्सुकता भागवून टाकते. ती समाधानानं वर सरकते आणि तिची डाळ उद्याही कच्चीच राहते.

चौथा मसुदा पुन्हा भाचीचा, थोडा रागानंच केलेला: ‘खरं कारण कळलं तर तुम्हाला धक्का बसेल!’ हा काकूंच्या उलट टोकाला गेला. तिथे सगळंच दिलं होतं, इथे काहीच नाही.

या दोन टोकांमध्ये नेमकं किती द्यायचं, याला एक चांगला आधार आहे. जॉर्ज लोवेनस्टीन या अमेरिकी अभ्यासकानं 1994 मध्ये कुतूहलाबद्दल एक मांडणी केली. ढोबळमानानं तिचा अर्थ असा: आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, यांच्यामधली फट दिसली की कुतूहल जागं होतं. महत्त्वाचा शब्द ‘दिसली’. ज्या विषयातलं आपल्याला काहीच ठाऊक नाही, तिथे फटसुद्धा दिसत नाही, त्यामुळे कुतूहलही नाही. थोडं कळलं की उरलेलं टोचू लागतं. शब्दकोड्यात एकही अक्षर भरलेलं नसलं तर आपण पान उलटतो, तीन अक्षरं भरलेली असली तर चहा गार होईपर्यंत चौथं शोधत बसतो. ‘धक्का बसेल’मध्ये एकही अक्षर भरलेलं नाही. काकूंच्या यादीत कोडं सोडवूनच छापलंय. दुसऱ्या स्लाइडनं दोन-तीन अक्षरं भरून द्यायची असतात, आणि ती खरी अक्षरं असायला हवीत.

मग आम्ही डाळीच्या विषयातली अशी एक गोष्ट शोधली जी स्वतःच्या बळावर उपयोगाची आहे, वाचणारीला आधी माहीत नसण्याची शक्यता आहे, आणि जिच्यामुळे पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. ती सापडली कव्हरवरच्याच शब्दात. शिट्टी. आपण शिट्ट्या मोजतो, पण शिट्टी नेमकं सांगते काय? कुकरमधला दाब ठरावीक हद्दीपलीकडे गेला आणि वाफेनं शिट्टी उचलली, एवढंच. आतल्या डाळीचं काय झालं हे तिला कुठून कळणार? पाचवा मसुदा असा झाला:

‘शिट्टी वाफेचा दाब सांगते, डाळ शिजल्याचं नाही.
दाण्याला आतून चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळलं, तरच डाळ मऊ होते.
ते विरघळू न देणाऱ्या गोष्टी चार.
त्यातली एक आपण स्वतःच्या हातानं कुकरमध्ये टाकतो.’

काकूंनी वाचलं आणि दोन हरकती घेतल्या. पहिली, ‘पेक्टिन म्हणजे गं काय?’ अवघड शब्द दुसऱ्या स्लाइडवर आला की वाचणारा शब्दापाशी अडतो, आणि अडलेला अंगठा वरच जातो. आम्ही तिथे ‘डिंक’ लिहिलं. पेक्टिन हे नाव चौथ्या पानावर गेलं, तिथपर्यंत आलेल्याला ते जड जात नाही. दुसरी हरकत जास्त मोलाची होती. शेवटच्या ओळीचं उत्तर म्हणून तिसऱ्या पानावर मी ‘आमसूल’ लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, ‘आमसूल कुणी कुकरमध्ये घालतं का? ते आमटीला फोडणी दिल्यावर. कुकरमध्ये टोमॅटो घालतात हल्लीच्या मुली, वेळ वाचवायला.’ बरोबर होतं. आमसूल तसंच राहिलं असतं तर पहिल्याच बाईनं ‘आम्ही नाही बाई घालत’ म्हणून पोस्ट सोडली असती, आणि वर हे लिहिणारीला स्वयंपाकातलं कळत नाही असंही तिला वाटलं असतं. दुसऱ्या पानानं उभा केलेला प्रश्न तिसऱ्या पानावर वाचणाऱ्याच्या घरातल्या उत्तरानंच मिटायला हवा.

आता या चार ओळी उलगडून बघा. पहिल्या ओळीत ‘हे’, ‘ते’, ‘याचं कारण’, ‘म्हणूनच’ असा मागे बोट दाखवणारा एकही शब्द नाही. ‘शिट्टी’ आणि ‘डाळ’ ही दोन नामं कव्हरवरची आहेत, पण वाक्य कव्हरवरचं नाही. कव्हर वाचून आलेलीला ते पुढचं पाऊल वाटतं. जी थेट इथेच येऊन पडली तिलाही शिट्टी, डाळ आणि शिजणं एवढ्यावरून विषय कळतो, आणि हे वाक्य तिच्यापुरतं कव्हर म्हणून उभं राहतं. दोन माणसांचं भागवायची युक्ती एवढीच आहे: कव्हरवरचं नाम पुन्हा घ्या, त्याच्याबद्दलचं विधान नवं करा. सर्वनामानं सुरुवात केलीत की दुसऱ्या संधीतला वाचक गेला. विधान तेच ठेवलंत की पहिला गेला.

दुसरी ओळ हिशेब चुकता करते. इथवर आलेली बाई आत्ता निघून गेली तरी तिला काहीतरी मिळालंय, आणि पोस्टवर विश्वास बसतो तो ह्या ओळीमुळे. तिसरी ओळ फट दाखवते: चार गोष्टी आहेत, म्हणजे मोजता येतील इतक्या, म्हणजे पोस्ट संपणार आहे. ‘अनेक कारणं’ म्हटलं असतं तर तीच फट दरी वाटली असती. चौथी ओळ त्या चारातल्या एकीकडे बोट दाखवते आणि ती वाचणारीच्या स्वतःच्या हातात ठेवते. तिसरं पान उघडतं ते एकाच शब्दानं, ‘टोमॅटो.’ त्याखाली दोन वाक्यं: आंबटपणामुळे डिंक लवकर विरघळत नाही, टोमॅटो, चिंच, आमसूल, जे काय असेल ते डाळ शिजल्यावर घाला. मग पुढच्या पानांवर जड पाणी, जुनी डाळ, भिजवणं, आणि चिमूटभर सोड्याबद्दल एक इशारा. सोड्यानं डाळ लवकर मऊ होते खरी, पण त्यातलं ब-1 जीवनसत्त्व जातं.

दुसऱ्या पानाच्या चारही ओळी मिळून 30 शब्द. कमी-जास्त चालतात, पण माझ्या अनुभवात मराठी मजकूर 40 शब्दांपुढे गेला की दुसरं पान परिच्छेदासारखं दिसू लागतं, आणि परिच्छेद बघूनच माणूस ‘नंतर वाचू’ म्हणतो.

दिसण्यावरून आठवलं. हे पान बरेचदा लिहिण्यात नाही, मांडणीत फसतं. आपण पोस्ट लॅपटॉपच्या पडद्यावर करतो, 1080 बाय 1350 पिक्सेलच्या ऐसपैस कॅनव्हासवर, आणि लोक ती सुमारे सात सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर वाचतात. हिशेब करा: 1080 पिक्सेल सात सेंटिमीटरमध्ये, म्हणजे 40 पिक्सेलचा टाइप जेमतेम अडीच मिलिमीटरचा. त्यात देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, रुकार. इंग्रजीसाठी केलेल्या टेम्प्लेटमध्ये ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मी मुख्य मजकूर 48 पिक्सेलच्या खाली आणत नाही आणि ओळींमधलं अंतर टाइपच्या दीडपटीच्या आसपास ठेवते. शेवटची ओळ, म्हणजे पुढे ढकलणारी, वेगळ्या रंगात आणि इतर ओळींपासून जरा सुटी ठेवते. वरच्या उजव्या कोपऱ्यात मजकूर टाळते, कारण तिथे थोडा वेळ ‘2/7’ असा आकडा उमटतो. आणि दुसऱ्या पानाची पार्श्वभूमी कव्हरच्याच रंगाची हवी. कव्हर पिवळं आणि दुसरं पान निळं झालं, की सरकवणाऱ्याला क्षणभर आपण चुकून दुसऱ्याच पोस्टवर गेलो असं वाटतं.

आता काकूंच्या अर्ध्या खऱ्या म्हणण्याकडे येते. काही पोस्टमध्ये उत्तर दुसऱ्याच पानावर द्यायचं असतं, पूर्ण द्यायचं असतं आणि अजिबात लांबवायचं नसतं. रविवारी मेगाब्लॉक आहे अशी पोस्ट घ्या. कव्हरवर ‘रविवारी मेगाब्लॉक’ आणि दुसऱ्या पानावर ‘कोणत्या मार्गावर आहे, पुढे पाहा’ असं कुणी लिहिलं, तर फलाटावर उभा माणूस शिव्या देईल आणि त्या शिव्या योग्यच असतील. तिथे दुसऱ्या पानावर सरळ लिहायचं: कोणता मार्ग, कोणत्या स्टेशनापासून कोणत्या स्टेशनापर्यंत, किती ते किती. फॉर्म भरायची शेवटची तारीख, पाणीकपातीचा दिवस, परीक्षेचं केंद्र बदलल्याची सूचना, हे सगळं याच जातीचं. ज्या माहितीसाठी माणूस अडून बसलाय ती रोखून धरली की तो सरकवेलही एखाद वेळी, पण पुढच्या खेपेला तुमच्या कव्हरवर थांबणार नाही.

अशा पोस्टमध्ये पुढची पानं वाचली जातात ती वेगळ्या कारणानं. वेळ कळली, आता माझं काय? मला तर ठाण्याहून कुर्ल्याला जायचंय. दुसऱ्या पानाची शेवटची ओळ ‘ठाण्याहून निघणाऱ्यांसाठी पर्याय पान 3 वर, कल्याणहून निघणाऱ्यांसाठी पान 4 वर’ अशी असली, की ज्याला हवं तो थेट तिकडे जातो. इथे फट कुतूहलाची नसते, स्वतःच्या सोयीची असते. डाळीच्या पोस्टमध्ये ‘का’ हा प्रश्न होता, म्हणून उत्तर टप्प्याटप्प्यानं देता आलं. ‘कधी’ आणि ‘कुठे’ या प्रश्नांना टप्पे पाडता येत नाहीत. लिहायला बसण्याआधी कव्हरवर यांपैकी नक्की कोणता प्रश्न आहे एवढं बघितलं, तरी दुसऱ्या पानाचं निम्मं ठरून जातं.

कधी कधी दुसरं पान कितीही घासलं तरी बसत नाही. अशा वेळी मी कव्हरकडे संशयानं बघते. ‘ही एक चूक तुमचं स्वयंपाकघर उद्ध्वस्त करतेय’ असं कव्हर असेल आणि आत टोमॅटोची गोष्ट असेल, तर कोणतंही दुसरं पान ती उतरंड सांभाळू शकणार नाही. कव्हरनं डोंगर दाखवला आणि दुसऱ्यावर उंदीर निघाला, हे वाचणाऱ्याला तिथेच कळतं. मग दुसऱ्या पानावर मेहनत करत बसण्यापेक्षा कव्हर खाली आणावं. डाळीच्या कव्हरमध्ये उद्गारचिन्ह होतं, ते काढून आम्ही प्रश्नचिन्ह ठेवलं ते याचसाठी. प्रश्नाचं उत्तर देता येतं. उद्गाराला द्यायचं काय?

दुसरं पान चाललं की नाही हे ओळखायचं कसं? आकड्यांतून अंदाज येतो, पण आडून. लाइक बरे आहेत आणि सेव्ह नावापुरते, तर लोक कव्हरला दाद देऊन निघून गेल्याची शक्यता जास्त, कारण सेव्ह करावं असं जे काही असतं ते आतल्या पानांवर असतं. दुसरी खूण कमेंटमध्ये सापडते. चौथ्या पानावर सविस्तर लिहिलेली गोष्टच लोक कमेंटमध्ये विचारत असतील, तर ते चौथ्यापर्यंत पोचलेच नाहीत. ‘पोस्टमध्ये लिहिलंय, नीट वाचा’ असं उत्तर द्यायची सुरसुरी येते. मी ती गिळते आणि दुसरं पान पुन्हा उघडून बघते. तेच कव्हर ठेवून, दुसरं पान बदलून महिन्याभरानं पोस्ट पुन्हा टाकून बघता येते, पण दिवस वेगळा, वेळ वेगळी, त्यामुळे त्या तुलनेवर मी फार भिस्त ठेवत नाही.

माझी भिस्त हातात फोन देण्यावर. पोस्ट टाकण्याआधी ती फोनच्या गॅलरीत ठेवायची आणि विषयाशी घेणंदेणं नसलेल्या एखाद्याच्या हातात द्यायची. आधी फक्त दुसरं पान, कव्हर न दाखवता. विचारायचं, ‘हे कशाबद्दल आहे?’ तिला सांगता आलं नाही तर दुसऱ्या संधीतला वाचक हातचा गेला. मग दुसऱ्या कुणाला तरी कव्हरपासून, आणि या वेळी काहीच विचारायचं नाही. दुसऱ्या पानावर त्याचा चेहरा आणि अंगठा बघायचा. तोंडातून ‘बरं, मग?’ असं काही निघालं तर पान बसलंय. ‘हो हो, कळलं’ निघालं तर काकूंची यादी झालीय. काहीच न बोलता त्यानं पटापट पुढची पानं चाळली, तर तो ‘खरा मजकूर’ कुठे सुरू होतो ते शोधतोय, आणि जिथे त्याचा अंगठा थांबला त्या पानाचं पहिलं वाक्य बहुधा तुमच्या दुसऱ्या पानाचं पहिलं वाक्य असायला हवं होतं. माझ्या निम्म्याअधिक मसुद्यांत असंच निघतं. आधीची दोन पानं मी लिहिण्याआधी घसा खाकरला होता, एवढंच.

डाळीची पोस्ट आम्ही अशीच तपासली, काकूंच्या शेजारच्या मुलावर. इंजिनीअरिंगला आहे, डाळ शिजवण्याशी त्याचा संबंध फक्त जेवणापुरता. त्याला आधी नुसतं दुसरं पान दाखवलं. त्यानं शेवटची ओळ वाचली, फोन काकूंकडे वळवला आणि विचारलं, ‘काय टाकता तुम्ही?’

काकू म्हणाल्या, ‘सरकव की.’